दुसऱ्याच्या पाटीवर आपला लोगो

कंपनीचा लोगो वापरण्याची परवानगी मागणारे पत्र बहुधा दोन-तीन ओळींचे असते. डीलर, बसवणी करणारा ठेकेदार, दुरुस्ती केंद्राचा चालक, सुटे भाग पुरवणारा किंवा एखाद्या प्रदर्शनाचा सहआयोजक लिहितो की, आपण बरोबर काम करतो, तेव्हा आमच्या पाटीवर आणि माहितीपत्रकावर आपला लोगो टाकू द्यावा. मागणी निरुपद्रवी दिसते. त्यामुळे मार्केटिंगमधला कुणीतरी त्याच दिवशी फाइल जोडून ‘जरूर वापरा’ असे कळवून मोकळा होतो. पुढे तो लोगो कोणत्या मालाशेजारी, कोणत्या गावात आणि किती वर्षे दिसेल, हे त्या उत्तरात कुठेच लिहिलेले नसते.

निर्णयाची सुरुवात ग्राहकापासून करावी लागते. भागीदाराच्या पाटीवर लोगो पाहून रस्त्यावरचा माणूस काय समजेल, हा पहिला प्रश्न. लोगो एकच असला तरी जागेप्रमाणे त्याचा अर्थ बदलतो. दुकानातल्या फलकावर इतर चार कंपन्यांच्या लोगोंबरोबर तो असेल, तर ‘यांचा माल इथे मिळतो’ एवढेच समजते. दारावरच्या मुख्य पाटीवर एकटाच असेल, तर हे कंपनीने नेमलेले दुकान आहे असा समज होतो. आणि भागीदाराने स्वतः बनवलेल्या वस्तूवर असेल, तर ती वस्तू कंपनीनेच बनवली असे कुणीही धरून चालेल. पहिले विधान खरे असेल, दुसरे करारावर अवलंबून असेल आणि तिसरे सरळ खोटे असेल. एकाच पत्रात या तिन्ही जागांची मागणी मिसळलेली असू शकते, आणि सरसकट ‘हो’ म्हटले की खोट्या विधानालाही कंपनीची संमती मिळून जाते.

तिसऱ्या प्रकारात धोका सर्वांत मोठा आहे, कारण तिथे जबाबदारीच अंगावर येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधल्या व्याख्येनुसार, दुसऱ्याने बनवलेल्या मालावर स्वतःचे चिन्ह लावणारा किंवा लावायला लावणाराही ‘उत्पादक’ ठरतो. भागीदाराने गावातल्या वर्कशॉपमध्ये जोडलेल्या टाकीवर कंपनीने आपणहून लोगो लावू दिला आणि ती टाकी फुटून कुणी जखमी झाले, तर ‘टाकी आमची नव्हती’ हे सांगणे फार अवघड होऊन बसते. हाच कायदा आणखी एक गोष्ट सांगतो. आपल्याला नसलेली मान्यता किंवा संलग्नता आहे असे भासवणे ही अनुचित व्यापार प्रथा आहे. म्हणजे पाटीवरच्या लोगोने चुकीचा समज झाला, तर भागीदारही अडचणीत येतो. नकार देताना ही बाब त्याला समजावून सांगणे त्याच्याही हिताचे असते.

परवानगीची गरज मुळात कुठे लागते आणि कुठे नाही, हे पाहण्यासाठी नाव आणि लोगो यांतला फरक लक्षात घ्यावा लागतो. ट्रेडमार्क कायदा, १९९९ च्या कलम ३० प्रमाणे, एखादा सुटा भाग अमुक कंपनीच्या यंत्राला बसतो हे सांगण्यासाठी त्या कंपनीचे नाव वापरणे वाजवी रीतीने आवश्यक असेल, तर तो ट्रेडमार्कचा भंग होत नाही. दुरुस्ती करणाऱ्याने साध्या अक्षरांत ‘आम्ही अमुक कंपनीचे पंप दुरुस्त करतो’ असे लिहिले, तर त्याला सहसा कुणी अडवू शकत नाही. खरी माहिती नावाशिवाय सांगताच येत नाही. मात्र ही सवलत आवश्यकतेपुरतीच आहे. प्रेशर कुकरची रिंग विकणाऱ्या ‘मयूर’ या छापाच्या पाकिटावर, ही रिंग हॉकिन्सच्या कुकरसाठी योग्य आहे, असे छापलेले असे, आणि त्यातला हॉकिन्स हा शब्द वेगळ्या रंगात उठून दिसे. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१२ साली हा वापर अमान्य केला. तशी रिंग इतर कंपन्यांच्या कुकरलाही बसते, मग हॉकिन्सचेच नाव ठळक करण्याची गरज काय, असा न्यायालयाच्या युक्तिवादाचा रोख होता.

लोगोच्या बाबतीत गरज सिद्ध करणे याहून अवघड असते. जर्मनीत एटीयू या वाहन दुरुस्तीच्या साखळीने गाड्यांच्या तपासणीच्या जाहिरातीत फोक्सवॅगनचे गोल चिन्ह छापले होते. तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०११ मध्ये ते चुकीचे ठरवले. कोणत्या गाड्यांवर काम होते हे ‘व्हीडब्ल्यू’ किंवा ‘फोक्सवॅगन’ एवढे लिहूनही कळले असते, त्यासाठी चिन्हाची गरज नव्हती. निकाल परदेशातला असला तरी त्यातली कसोटी इथेही वापरण्यासारखी आहे. भागीदाराला जे सांगायचे आहे ते साध्या अक्षरातल्या नावाने सांगून होत असेल, तर लोगोची मागणी माहितीसाठी नसते. ती कंपनीची पत वापरण्यासाठी असते. पत वापरू देणे गैर नाही, पण ते जाणूनबुजून द्यायचे असते.

नाव चालेल पण लोगो नाही, हे धोरण एका जगप्रसिद्ध संस्थेने स्वीकारलेले आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी कारखान्यांच्या, शाळांच्या आणि पतसंस्थांच्या पाट्यांवर आयएसओचा उल्लेख असतो. जिनिव्हातली आयएसओ ही संस्था मानके तयार करते, ती स्वतः कुणालाही प्रमाणपत्र देत नाही. प्रमाणपत्रे वेगळ्या, स्वतंत्र संस्था देतात. म्हणून प्रमाणित झालेल्या कंपन्यांनाही आयएसओ आपला लोगो लावू देत नाही. नुसते ‘आयएसओ प्रमाणित’ असेही न लिहिता कोणते मानक ते पूर्ण लिहावे, उदाहरणार्थ ‘आयएसओ ९००१:२०१५ प्रमाणित’, असे तिचे सांगणे आहे. नकार कसा द्यावा याचा हा उत्तम नमुना आहे, कारण ‘हे लावू नका’ म्हणताना त्याऐवजी काय लिहायचे तेही संस्था सांगते.

आता परवानगी द्यायची ठरली तर. ती लेखी असली पाहिजे, आणि याला केवळ शिस्तीचे नाही तर कायद्याचे कारण आहे. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम २ मध्ये ‘परवानगीने केलेला वापर’ याची व्याख्या आहे. नोंदणी न केलेल्या वापरकर्त्याच्या बाबतीत ती लेखी कराराची आणि त्यातल्या अटी पाळल्या जाण्याची अपेक्षा धरते. असा वापर कलम ४८ प्रमाणे मालकाने स्वतः केलेला वापर मानला जातो. तोंडी ‘हो’ला हे संरक्षण मिळत नाही. मोठ्या आणि दीर्घ मुदतीच्या व्यवहारात भागीदाराची ‘नोंदणीकृत वापरकर्ता’ म्हणून ट्रेडमार्क कार्यालयात नोंद करता येते. त्यासाठी करारापासून सहा महिन्यांत दोघांनी मिळून अर्ज करायचा असतो आणि भागीदाराच्या वापरावर मालकाचे नियंत्रण किती व कसे आहे हे त्यात मांडायचे असते. गावोगावच्या डीलरसाठी एवढे करण्याची सहसा गरज नसते. सहीचे पत्र पुरते.

लोगो हा ट्रेडमार्क असतो, तसे ते एक चित्रही असते. चित्राला कॉपीराइट लागू होतो. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे अशी परवानगी लेखीच द्यावी लागते. तीत मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर संपूर्ण भारत धरला जातो. दोन महिन्यांच्या प्रदर्शनासाठी दिलेल्या पत्रात तारीख आणि जागा घालायची राहून गेली, तर भागीदाराला पाच वर्षांचा आणि देशभराचा दावा करायला जागा मिळते. इथेच आणखी एक गोष्ट तपासून घ्यावी. लोगो बाहेरच्या चित्रकाराकडून करून घेतला असेल आणि त्याने कॉपीराइट लेखी देऊन टाकलेला नसेल, तर तो बहुधा अजून त्याच्याकडेच असतो. जे कंपनीच्या मालकीचे नाही ते तिला पुढे देता येत नाही. अनेक लहान उद्योगांत हा कागद नसतोच. तो आधी करून घ्यावा.

लेखी परवानगी असूनही तीत अटी नसतील किंवा अटी पाळल्या जातात की नाही हे कुणी पाहत नसेल, तर काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतले आहे. द फ्रीसायकल नेटवर्क ही संस्था २००३ मध्ये ॲरिझोनात सुरू झाली. नको असलेल्या वस्तू टाकून न देता शेजारपाजाऱ्यांना फुकट द्याव्यात, हे तिचे काम. गावोगावचे स्वयंसेवक आपापले गट काढत आणि संस्थेचे नाव व लोगो वापरत. कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल गावात त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये असा एक गट निघाला. त्याच्या संस्थापिकेने लोगोबद्दल विचारणा केली. उत्तरादाखल एक छोटा, खेळीमेळीचा ईमेल आला. लोगो अमुक ठिकाणाहून घ्या, फक्त धंद्यासाठी वापरू नका, एवढाच त्याचा आशय. करार नाही, मुदत नाही, गट कसा चालवायचा याची बंधने नाहीत, तपासणी नाही.

दोन वर्षांनी मतभेद झाले. संस्थेने २००५ मध्ये सनीव्हेलच्या गटाला नाव आणि लोगो वापरणे थांबवायला सांगितले. गट न्यायालयात गेला आणि म्हणाला की ज्या संस्थेने आपल्या चिन्हावर कधी नियंत्रणच ठेवले नाही, तिला आता ते परत मागता येणार नाही. नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने नोव्हेंबर २०१० मध्ये हे म्हणणे मान्य केले. न्यायालयाने तीन गोष्टी तपासल्या. परवानगीत गुणवत्तेवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार राखून ठेवला होता का? तो नव्हता. अधिकार लिहिलेला नसला तरी प्रत्यक्षात संस्था गटांवर लक्ष ठेवत होती का? तसे दिसले नाही, कारण जे काही नियम होते त्यांचा अर्थ जो तो गट आपापल्या परीने लावत होता. मग दोघांत इतके निकटचे संबंध होते का, की दुसऱ्याच्या सचोटीवर विसंबून राहणे वाजवी ठरावे? तेही नव्हते. अशा मोकाट परवानगीमुळे संस्थेने चिन्हावरचा हक्क सोडून दिल्यासारखे झाले, असा निकाल लागला. धंद्यासाठी वापरू नका ही एकुलती अट न्यायालयाला पुरेशी वाटली नाही, कारण ती वापराचा हेतू सांगत होती, सेवेच्या दर्जाबद्दल ती काहीच बोलत नव्हती.

हा निकाल भारतातल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही. पण भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका कोला या खटल्यात हीच दिशा दाखवली होती. लिम्का, थम्स अप, गोल्ड स्पॉट ही पेये बाटल्यांत भरून विकण्याच्या परवान्यावरून तो वाद होता. चिन्ह दुसऱ्याला वापरू देता येते, मात्र त्यातून लोकांची दिशाभूल होता कामा नये, चिन्हाची वेगळी ओळख पुसली जाता कामा नये आणि मालक व तो माल यांचा व्यापारातला संबंध टिकून राहिला पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. परवानगीपत्रातली जवळजवळ प्रत्येक अट या तीन गोष्टींपैकी एकीतून निघते.

अटी कशा ठरतात हे एक कल्पित पण नेहमीच्या व्यवहारातले उदाहरण घेऊन पाहता येईल. समजा, पुण्यातली एक कंपनी सौर वॉटर हीटर बनवते. साताऱ्यातला एक ठेकेदार तिचे हीटर विकतो आणि बसवतो. त्याच्या दुकानात आणखी एका कंपनीचे सौर पॅनेलही आहेत. तो पत्र लिहून पाच ठिकाणी लोगो वापरण्याची परवानगी मागतो. दुकानाची पाटी, माहितीपत्रक, माल वाहणारा टेम्पो, व्हॉट्सॲपवरचे प्रोफाइल चित्र आणि तो स्वतः वेल्डिंग करून बनवतो ते हीटरचे लोखंडी स्टँड.

कंपनीने आधी कागद पाहावेत. डीलरशिपचा करार चालू आहे का, त्यात ‘अधिकृत विक्रेता’ असा दर्जा दिला आहे का, बसवणी करणाऱ्या कामगारांनी कंपनीचे प्रशिक्षण घेतले आहे का, गेल्या वर्षभरात ग्राहकांच्या तक्रारी किती आणि कशाच्या होत्या. समजा, करार ३१ मार्च २०२७ पर्यंत आहे, दर्जा दिलेला आहे, प्रशिक्षण झाले आहे आणि तक्रारी किरकोळ आहेत. म्हणजे या माणसाची शिफारस करायला कंपनी तयार आहे. मग प्रत्येक जागेचा निर्णय वेगळा घ्यायचा.

दुकानाच्या पाटीला होकार द्यायला हरकत नाही, पण लोगोच्या लगेच खाली ‘सातारा जिल्ह्यासाठी अधिकृत विक्रेता व बसवणीकार’ हे शब्द असले पाहिजेत आणि ठेकेदाराचे स्वतःचे नाव लोगोपेक्षा मोठे असले पाहिजे. हे शब्द आणि हे आकार ठरवले की पाटी खरे बोलते. माहितीपत्रकाला होकार, मात्र ज्या पानावर कंपनीचे हीटर आहेत त्याच पानावर. सौर पॅनेलच्या पानावर लोगो गेला तर पॅनेलही याच कंपनीचे, असे वाटेल. टेम्पोला नकार, कारण त्यातून दुसऱ्या कंपनीचा मालही जातो, शिवाय टेम्पो विकला गेला की रंगवलेला लोगो नव्या मालकाबरोबर फिरत राहतो. हवे तर काढता येणारा चुंबकी फलक कंपनीच्या मालाच्या फेरीपुरता लावण्याची मुभा देता येईल.

व्हॉट्सॲपच्या प्रोफाइल चित्राला ठाम नकार द्यायला हवा. अनोळखी नंबरावर कंपनीचा लोगो दिसला की ग्राहकाला तो कंपनीचाच नंबर वाटतो. तो आगाऊ रक्कम पाठवतो, तक्रार नोंदवतो आणि उत्तर मिळाले नाही की कंपनीला दोष देतो. ठेकेदार प्रामाणिक असला तरी त्या चित्रामुळे ग्राहकाला खऱ्या-खोट्या नंबरांत भेद करणे अवघड होते, आणि पैसे उकळणाऱ्यांचे काम सोपे होते. लोखंडी स्टँडलाही नकार. तो कंपनीने बनवलेला नाही आणि त्याचा दर्जा कंपनी तपासत नाही. स्टँडवर ठेकेदाराने स्वतःचे नाव घालावे, हेच योग्य.

म्हणजे पाचपैकी दोन मागण्या मान्य आणि तीन अमान्य. पत्रात हे एकत्रच लिहावे. मान्य केलेल्या जागा नावानिशी लिहून ‘याव्यतिरिक्त कुठेही नाही’ असे म्हणणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग आहे. काय चालणार नाही याची यादी कितीही लांबवली तरी एखादी जागा सुटतेच.

पत्राची भाषा कायद्याच्या मसुद्यासारखी बोजड असण्याचे कारण नाही. ठेकेदाराने ती वाचून फ्लेक्सवाल्याला समजावून सांगायची असते. मुख्य मजकूर असा होऊ शकतो:

‘आपल्या विनंतीनुसार, सोबत पाठवलेला लोगो (परवानगी क्रमांक १४) आपल्या साताऱ्यातील दुकानाची पाटी आणि आमच्या वॉटर हीटरची माहिती देणारे माहितीपत्रकाचे पान, या दोन ठिकाणी वापरण्यास परवानगी देत आहोत. ही परवानगी फक्त आपल्या संस्थेसाठी, फक्त सातारा जिल्ह्यासाठी आणि ३१ मार्च २०२७ पर्यंत आहे. ती दुसऱ्याला देता येणार नाही. डीलरशिप त्याआधी संपली तर ही परवानगीही त्याच दिवशी संपेल. छपाईपूर्वी नमुना आमच्याकडे पाठवावा. कामाच्या पाच दिवसांत आम्ही उत्तर देऊ. उत्तर न मिळाल्यास नमुना मान्य झाला असे समजू नये. लोगोची मालकी आमचीच राहील. टेम्पो, व्हॉट्सॲप प्रोफाइल आणि आपण बनवत असलेले स्टँड यांवर लोगो वापरता येणार नाही. तेथे गरज असल्यास आमचे नाव साध्या अक्षरांत लिहावे.’

यातले ‘उत्तर न मिळाल्यास मान्य झाला असे समजू नये’ हे वाक्य वगळले की हमखास वाद होतो. सणाच्या तोंडावर नमुना येतो, संबंधित माणूस रजेवर असतो, आणि भागीदार म्हणतो की मी पाठवला होता. पण या वाक्याची दुसरी बाजू कंपनीनेही पाळायला हवी. पाच दिवस म्हटले तर पाच दिवसांत उत्तर दिलेच पाहिजे. दिवाळीची जाहिरात दिवाळीनंतर मंजूर करणारी कंपनी भागीदाराला नियम मोडायला शिकवते.

लोगो कसा दिसावा याच्या अटी एका पानात बसतात आणि त्या चित्रांसह दिलेल्या बऱ्या. लोगोभोवती किती जागा मोकळी सोडायची, छपाईत तो किमान किती रुंद असावा, कोणत्या रंगात आणि कोणत्या पार्श्वभूमीवर चालेल, एवढे पुरे. मोकळ्या जागेचे माप सेंटिमीटरमध्ये न देता लोगोतल्याच एखाद्या अक्षराच्या उंचीवरून द्यावे, म्हणजे लोगो लहान-मोठा झाला तरी तेच माप लागू पडते. किमान रुंदी उदाहरणार्थ २५ मिलिमीटर ठरवता येईल. लोगोतली सर्वांत लहान अक्षरे ज्या मापाला वाचता येईनाशी होतात, ते माप छापून पाहून ठरवायचे.

फाइल कोणती दिली जाते यावर बरेच काही ठरते. लोगो बिघडण्याची बहुतेक प्रकरणे हेतूने घडत नाहीत. भागीदाराकडे फाइल नसते, तो इंटरनेटवरून छोटी जेपीजी उतरवतो, दहा फुटांच्या फ्लेक्सवर ती फाटल्यासारखी दिसते आणि भोवती पांढरा चौकोन उमटतो. मग छपाईवाला कोरलड्रॉमध्ये तो लोगो हाताने पुन्हा काढतो, आणि तिथे अक्षरे व रंग बदलतात. यावर उपाय एकच. कितीही मोठी केली तरी न फाटणारी व्हेक्टर फाइल छपाईसाठी सीएमवायके रंगांत द्यावी आणि पडद्यावरच्या वापरासाठी पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी द्यावी. फाइलच्या नावात परवानगी क्रमांक घातला, तर पुढे ती फाइल भलत्याच ठिकाणी सापडली असता ती कुणाकडून गेली हे कळते. ट्रेडमार्क नोंदणीकृत असेल तरच गोलातला ‘आर’ लावलेली फाइल द्यावी. नोंदणी झालेली नसताना ते चिन्ह लावणे भारतीय कायद्यानुसार दंडनीय आहे. अर्ज प्रलंबित असेल तर ‘टीएम’ लावता येते.

पूर्ण नकार द्यायचा तेव्हाही पत्र याच साच्याचे असावे. नकाराची कारणे बहुतेक वेळा चारच असतात. संबंध अजून नवा आहे आणि काम पाहिलेले नाही. भागीदार स्पर्धक कंपनीचाही माल विकतो आणि लोगोने तो केवळ आपला आहे असे वाटेल. ज्या वस्तूवर लोगो हवा ती कंपनीने पाहिलेली नाही. किंवा ट्रेडमार्कवरच वाद चालू आहे. यातले जे खरे असेल ते एका वाक्यात लिहावे. ‘कंपनीच्या धोरणानुसार शक्य नाही’ हे उत्तर भागीदाराला काहीच सांगत नाही, आणि तो तीन महिन्यांनी तेच पत्र पुन्हा पाठवतो. नमुना असा:

‘आपल्या विनंतीबद्दल आभार. आपल्याबरोबरचे काम जुलैत सुरू झाले असल्याने बसवणीच्या दर्जाची पाहणी अजून झालेली नाही. म्हणून सध्या लोगो वापरण्याची परवानगी देता येत नाही. आपण “आमच्याकडे … कंपनीचे वॉटर हीटर मिळतील” असे साध्या अक्षरांत, आपल्या पाटीवरील इतर मजकुराच्याच टंकात लिहू शकता. पहिल्या दहा बसवण्यांची पाहणी झाल्यावर आपण पुन्हा अर्ज करावा.’

यात नकार स्पष्ट आहे, पर्याय आहे आणि पुढे काय केल्यावर विचार होईल तेही आहे. ‘पाहू’, ‘तूर्तास थांबा’ अशी उत्तरे मात्र देऊ नयेत. भागीदार त्यांचा अर्थ होकार असा लावतो आणि पुढे वाद झाला की तेच पत्र दाखवतो.

परवानगी दिल्यानंतरचे काम सर्वांत कंटाळवाणे असते आणि तेच बहुतेक ठिकाणी राहून जाते. फ्रीसायकलच्या निकालातून हे दिसते की कागदावरचे नियंत्रण आणि प्रत्यक्षातले नियंत्रण या वेगळ्या गोष्टी आहेत. दिलेल्या प्रत्येक परवानगीची एका तक्त्यात नोंद हवी. क्रमांक, भागीदाराचे नाव, जागा, प्रदेश, संपण्याची तारीख, मंजूर नमुन्याची प्रत. विक्री प्रतिनिधी दौऱ्यावर जातो तेव्हा त्याने पाटीचा फोटो काढून त्या नोंदीला जोडावा. वर्षातून एकदा असा एक फोटो प्रत्येक भागीदाराचा असला, तरी लक्ष ठेवले होते याचा पुरावा तयार होतो. लोगो ठीक आहे का यापेक्षा काम ठीक आहे का, हे पाहणे अधिक महत्त्वाचे. ट्रेडमार्क कायदाही हेच धरून चालतो. नोंदणीकृत वापरकर्त्याच्या करारातली दर्जाची अट अमलात येत नसेल, तर त्या कारणावरून नोंदणी रद्द होऊ शकते.

चूक सापडली तर पहिला फोन, दुसरे पत्र आणि मग परवानगी रद्द, हा क्रम बहुतेक ठिकाणी पुरतो. पत्रात फोटो जोडून नेमके काय बदलायचे आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे लिहावे. ग्राहकाची फसवणूक होत असेल तर मात्र क्रम पाळत बसू नये.

परवानगी संपते तेव्हा लोगो आपोआप उतरत नाही. म्हणून उतरवण्याची मुदतही सुरुवातीच्याच पत्रात असावी. इंटरनेटवरचा लोगो सात दिवसांत आणि पाटी तीस दिवसांत काढता येते, हे व्यवहार्य आहे. छापून ठेवलेल्या माहितीपत्रकांचा प्रश्न आधीच सोडवावा. ती नष्ट करायची की ठरावीक दिवसांत संपवायची, हे लिहिलेले नसेल तर ती पुढची दोन वर्षे वाटली जातात. साताऱ्याच्या उदाहरणात ३१ मार्च २०२७ ही तारीख तक्त्यात असेल, तर जानेवारीत कंपनीने नूतनीकरणाबद्दल स्वतःहून विचारायला हवे. भागीदार चांगले काम करत असेल तर नवे पत्र द्यावे, नवीन क्रमांकासह. तारीख उलटून गेल्यावरही लोगो तसाच राहू दिला आणि कुणी काही बोलले नाही, तर न्यायालयात त्या मौनाचा अर्थ संमती असाच लावला जाण्याची शक्यता मोठी असते.